गट नकाशाची लेयर किती मीटरने चुकते? कोपऱ्याला कोपरा लावून मोजायची रीत

मुळशी तालुक्यातल्या एका गावाचा गट नकाशा आम्ही संगणकावर आणला होता. कागदावरचा नकाशा १:५००० प्रमाणाचा. तो स्कॅन केला, जागेवर बसवला, प्रत्येक गटाची हद्द गिरवली आणि गट नंबर भरले. त्या लेयरवर पाण्याच्या पाइपलाइनची आखणी व्हायची होती. पाइप शक्यतो बांधाच्या कडेने न्यायचा असा बेत होता, त्यामुळे बैठकीत अभियंत्यांनी सरळ विचारलं, "ही रेघ जमिनीवर किती मीटरने इकडेतिकडे असेल?"

आमच्यातल्या एकाने उत्तर दिलं, "जिओरेफरन्सिंगची चूक ०.८ मीटर दाखवतोय, म्हणजे एक मीटरच्या आतच आहे." हे उत्तर मी अनेक कार्यालयांत ऐकलं आहे आणि ते चूक आहे. तो ०.८ मीटरचा आकडा एवढंच सांगतो, की ज्या खुणांवर आपण कागद ताणून बसवला त्या खुणांवर तो किती नीट बसला. त्या खुणा उपग्रह चित्रावरून घेतल्या असतील आणि चित्रच तीन मीटर सरकलेलं असेल, तर कागद चुकीच्या जागी अगदी झकास बसतो आणि आकडा तरीही ०.८ येतो. ज्या खुणांनी नकाशा बसवला त्याच खुणांनी तो तपासता येत नाही. तपासणीसाठी वेगळे, स्वतंत्रपणे आणि जास्त अचूक मोजलेले बिंदू लागतात. या लेखात मी त्यांना तपासबिंदू म्हणेन.

कोणता कोपरा घ्यायचा

हद्दीची लेयर तपासताना पहिली अडचण अशी, की हद्द ही रेघ आहे आणि तपासणी बिंदूवर होते. बांधाच्या मधोमध उभं राहून कितीही अचूक मोजलं, तरी नकाशावरच्या रेघेवर त्याचा जोडीदार बिंदू कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तपासबिंदू फक्त तिथे घ्यायचे, जिथे नकाशावरही आणि जमिनीवरही एकच एक जागा बोट ठेवून दाखवता येते. दोन बांध काटकोनाच्या आसपास मिळतात आणि तिथे हद्दीचा दगड आहे, असा कोपरा उत्तम. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड त्याहून उत्तम.

नाल्याच्या वळणावरची हद्द, नदीकाठ आणि रस्त्याची कड या जागा सोडून द्याव्यात. जिथे हद्द जेमतेम वळते, म्हणजे दोन बाजूंमधला कोन १६० अंशांच्या पुढे जातो, तो कोपराही घेऊ नये. गिरवणाऱ्याने तिथे क्लिक दोन मीटर पुढे केलं की मागे, हे रेघ बघून कळतच नाही. नव्या कंपाउंड भिंतीचे कोपरे दिसायला फार सोयीचे असतात, पण भिंत हद्दीवरच बांधली आहे याची खात्री नसते. मी ते कधीच घेत नाही.

कोपरे कार्यालयातच निवडायचे, शेतात जाऊन नव्हे. शेतात गेल्यावर माणूस आपसूक रस्त्यालगतचे, सहज सापडणारे दगड घेतो आणि डोंगराकडची बाजू राहून जाते. अमेरिकेच्या एफजीडीसी या सरकारी समितीने १९९८ साली काढलेलं एनएसएसडीए हे नकाशांच्या अचूकतेचं मानक यासाठी अजूनही उपयोगी आहे. त्यात किमान २० तपासबिंदू मागितले आहेत. क्षेत्राचे चार चौकोन पाडले, तर प्रत्येकात निदान २० टक्के बिंदू यावेत आणि दोन बिंदूंमधलं अंतर क्षेत्राच्या कर्णाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी नसावं, असंही त्यात सुचवलं आहे. आमचं गाव साधारण ३.२ किलोमीटर रुंद आणि २.४ किलोमीटर उंच, म्हणजे कर्ण ४ किलोमीटर. दोन बिंदूंत निदान ४०० मीटर अंतर हवं होतं. दगड हरवलेले असणारच हे धरून आम्ही २८ कोपरे निवडले आणि लेयरमधल्या त्या शिरोबिंदूंना टी-०१ ते टी-२८ असे क्रमांक दिले. क्रमांक आधी देणं फार महत्त्वाचं आहे. का ते पुढे येईल.

जमिनीवरचं मोजमाप

तपासबिंदू लेयरपेक्षा निदान तीनपट तरी अचूक असावा. आपली लेयर दोन-चार मीटरने चुकत असेल अशी शंका असेल, तर मोबाइलचं जीपीएस इथे कामाचं नाही, कारण त्याचीच चूक तीन ते पाच मीटर असते. आम्ही आरटीके रोव्हर वापरला, म्हणजे दुरुस्तीचा सिग्नल घेऊन सेंटिमीटरमध्ये जागा सांगणारा उपग्रह रिसीव्हर. महाराष्ट्रात आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स या कायम चालू असणाऱ्या स्थानकांवरून दुरुस्तीचा सिग्नल मिळतो, त्यामुळे स्वतःचं बेस स्टेशन लावावं लागत नाही. रोव्हरच्या पडद्यावर 'Fixed' असं असेल, म्हणजे त्याला जागा पक्की मिळाली असेल, तेव्हाच नोंद करायची. 'Float' असताना घेतलेली नोंद दिसायला नेहमीसारखीच दिसते, पण ती अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त चुकू शकते. मुळशीकडच्या दाट झाडीत आणि डोंगराच्या कुशीत Float वारंवार येतं. तिथे थांबावं, जरा उघड्यावर जाऊन परत यावं.

प्रत्येक दगडावर दोनदा मोजा, मध्ये निदान तासाभराचं अंतर ठेवून. पहिल्या वेळची नोंद आणि दुसऱ्या वेळची नोंद पाच सेंटिमीटरच्या आत जुळली, तर दोन्हींची सरासरी घ्या. कधीकधी रोव्हर Fixed दाखवतो आणि तरीही चुकीचा असतो. ते पकडायला दुसऱ्या वेळच्या मोजणीशिवाय दुसरा उपाय मला माहीत नाही. काठी दगडाच्या मध्यावर सरळ उभी धरा. बुडबुडा एकीकडे ठेवून दोन मीटरची काठी एका अंशाने कलली, तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. आपल्या कामासाठी ते फार नाही, पण सवय सैल पडली की पुढे मोठ्या चुका येतात.

सगळं एकाच निर्देशांक प्रणालीत हवं. पुणे यूटीएमच्या ४३व्या उत्तर झोनमध्ये येतं, म्हणजे `EPSG:32643`. लेयर आणि तपासबिंदू दोन्ही यातच आणा, म्हणजे फरक थेट मीटरमध्ये मिळतो. जुना एव्हरेस्ट डेटमचा, म्हणजे पृथ्वीचा वेगळा आकार धरून काढलेला नकाशा कुणी चुकून डब्ल्यूजीएस म्हणून नोंदवला असेल, तर पुण्यात तो शंभरहून अधिक मीटरने सरकलेला दिसतो. इतकी मोठी आणि सगळीकडे सारखी तफावत दिसली, की तपासणी थांबवून आधी डेटम पाहावा.

२८पैकी २१ दगड सापडले. हंगाम निघाल्यानंतर, गवत वाळलेलं असताना गेलो म्हणून इतके तरी सापडले. पावसाळ्यात निम्मेही मिळाले नसते.

एकविसावा दगड

आमच्यासोबत एक निवृत्त भूकरमापक होते. टी-१७वर रोव्हर Fixed होता, दोन्ही वेळा नोंद चार सेंटिमीटरमध्ये जुळली आणि लेयरमधला कोपरा मात्र १४.६ मीटर दूर निघाला. बाकी कुठल्याच बिंदूवर सहा मीटरच्या वर फरक नव्हता. मी म्हणालो, "काका, हा गिरवताना चुकला असणार."

ते दगडाजवळ बसले, बुडाची माती काढली आणि म्हणाले, "अहो, हा दगड इथला नाहीच. बघा, खाली सिमेंटचा गोळा आहे. जुने दगड असे नसतात. जेसीबीने उचलून पुन्हा पुरलाय." मग त्यांनी जुन्या मोजणीचं टिपण उघडलं. टिपणात शेजारच्या दोन दगडांपासूनची अंतरं लिहिलेली होती. फीत लावून पाहिली तर एका बाजूने अंतर १२ मीटरने कमी भरलं.

तेव्हाच तो बिंदू आम्ही बाद केला. इथे नियम एकच आहे. चूक मोठी आहे म्हणून बिंदू काढायचा नाही. जमिनीवर दाखवता येईल असं कारण मिळालं तरच काढायचा, आणि काढला हे अहवालात लिहायचं. टी-१७चा दगड जुना आणि अंतरं टिपणाशी जुळणारी निघाली असती, तर १४.६ मीटरची चूक आमच्या लेयरची होती आणि ती हिशेबात धरावीच लागली असती. आकडा सुंदर यावा म्हणून सर्वांत वाईट बिंदू गाळला, की अख्ख्या तपासणीवरचा विश्वास जातो.

उरलेले २० बिंदू पूर्वेकडच्या दोन्ही चौकोनांत सहा-सहा आणि पश्चिमेकडच्या दोन्हींत चार-चार असे पडले. डोंगराची बाजू विरळ राहिली, पण २० टक्क्यांची अट पुरी झाली.

रेघेपर्यंतचं अंतर मोजू नका

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये `Join attributes by nearest` नावाचं साधन आहे. तपासबिंदू आणि हद्दीची लेयर दिली, की ते प्रत्येक बिंदूपासून जवळच्या रेघेपर्यंतचं अंतर काढून देतं. दोन क्लिकमध्ये काम होतं आणि आकडे छान लहान येतात. बरेच अहवाल असेच तयार झालेले मी पाहिले आहेत. हे आकडे चूक लपवतात.

टी-०५ हा कोपरा पाहा. लेयरमधला कोपरा खऱ्या दगडापासून ५.२ मीटर पूर्वेला आणि २.६ मीटर दक्षिणेला होता. पायथागोरस लावला तर कोपरा ५.८ मीटरने चुकलेला. या कोपऱ्यापासून एक बांध सरळ पश्चिमेला जातो. दगड कोपऱ्याच्या पश्चिमेला असल्यामुळे तो त्या बांधाच्या रेघेच्या बरोबर वर, फक्त २.६ मीटरवर पडतो. जवळच्या रेघेचं अंतर विचारलं तर संगणक २.६ मीटर सांगतो. पूर्व-पश्चिम ५.२ मीटरची चूक रेघेच्या लांबीत विरघळून जाते.

हे एका बिंदूपुरतं नाही. चूक सर्व दिशांना सारखी पसरलेली असेल, तर सरळ रेघेपर्यंतचं अंतर चुकीचा फक्त रेघेला काटकोनात असलेला भाग दाखवतं, आणि त्याची आरएमएसई, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, खऱ्या चुकीच्या सुमारे ७० टक्केच भरते. जवळची रेघ कधी शेजारच्या गटाची असते, कधी कोपऱ्याच्या दोन बाजूंपैकी जी जवळ असेल ती निवडली जाते, त्यामुळे आकडा आणखी लहान होतो. म्हणजे गटांची जाळी जितकी दाट, तितकी वाईट लेयरही चांगली दिसते.

म्हणून कोपऱ्याला कोपराच लावायचा. `Extract vertices` चालवून लेयरचे शिरोबिंदू वेगळे काढा. शेजारच्या गटांमुळे एकाच जागी दोन-तीन शिरोबिंदू येतात, त्यातला एक ठेवा आणि निवडलेल्या कोपऱ्यांवर आधी ठरवलेला टी-क्रमांक भरा. ते तीन एकमेकांवर नीट बसत नसतील, तर हद्दी गिरवतानाच स्नॅपिंग, म्हणजे जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणं, बंद राहिलेलं असतं. आधी ते दुरुस्त करा. मग टी-क्रमांकावरून `Join attributes by field value` ने जोड्या लावा. क्रमांक आधी का द्यायचे ते इथे कळतं. क्रमांक नसेल तर माणूस डोळ्यांनी "हाच असणार" म्हणून जवळचाच कोपरा निवडतो, आणि पुन्हा तीच गफलत होते.

सरक आणि फैलाव

प्रत्येक जोडीसाठी दोन फरक काढा. लेयरचा x वजा जमिनीचा x म्हणजे dx, तसाच dy. चिन्ह पुसू नका. चिन्हातच अर्धी गोष्ट असते. `tapasni.csv` मध्ये क्रमांक, लेयरचे `xl`, `yl` आणि जमिनीवरचे `xf`, `yf` असे रकाने ठेवले, तर एवढं पुरतं:

```python
import pandas as pd
d = pd.read_csv("tapasni.csv")
d["dx"] = d.xl - d.xf
d["dy"] = d.yl - d.yf
print(len(d), d[["dx", "dy"]].mean(), d[["dx", "dy"]].std())
rx = (d.dx**2).mean()**0.5
ry = (d.dy**2).mean()**0.5
rr = (rx**2 + ry**2)**0.5
print(rx, ry, rr, min(rx, ry)/max(rx, ry), 1.7308*rr)
```

आमच्या २० बिंदूंवर dxची सरासरी +३.२० मीटर आली आणि dyची −१.३० मीटर. सरासरीभोवतीचा फैलाव, म्हणजे प्रमाण विचलन, x मध्ये १.३१ आणि y मध्ये १.३५ मीटर. आरएमएसई x मध्ये ३.४५, y मध्ये १.८५ आणि दोन्ही मिळून ३.९१ मीटर.

हे आकडे नीट वाचायला हवेत. २०च्या २० बिंदूंवर dx धन होता. कुठेही लेयर दगडाच्या पश्चिमेला नव्हती. गिरवणाऱ्याचा हात चुकला असता, तर काही कोपरे पूर्वेला आणि काही पश्चिमेला गेले असते. सगळेच एका बाजूला जातात तेव्हा अख्खी लेयर सरकलेली असते. सरासरीची स्वतःची अनिश्चितता १.३१ भागिले २०चं वर्गमूळ, म्हणजे जेमतेम ०.३ मीटर. ३.२ मीटरची सरक योगायोगाने येणं शक्य नाही.

आरएमएसई सरक आणि फैलाव एकत्र करून एक आकडा देते, आणि तो एकटा आकडा दिला की ही ओळख पुसली जाते. एनएसएसडीएचं नेहमीचं सूत्र आहे: ९५ टक्के पातळीची अचूकता म्हणजे `1.7308 × RMSE_r`. ते लावलं तर ६.८ मीटर येतात. पण प्रत्यक्षात आमच्या २० बिंदूंतली सर्वांत मोठी चूक ५.८ मीटर होती. सूत्र खोटं नाही, ते चुकीच्या जागी लावलं गेलं. ते धरून चालतं की चूक शून्याभोवती पसरली आहे आणि दोन्ही दिशांना सारखी आहे. दोन आरएमएसईंचं गुणोत्तर ०.६ ते १ असेल, तर अंदाजे चालतं. आमचं गुणोत्तर ०.५४ होतं. हे गुणोत्तर खाली आलं की बहुतेक वेळा लेयरमध्ये दुरुस्त न केलेली सरक लपलेली असते, त्यामुळे मी आधी तेच बघतो.

आकडे पाहून झाले की बाण काढा. प्रत्येक तपासबिंदूपासून लेयरच्या कोपऱ्याकडे, शंभरपट लांब केलेला बाण. आमचे बाण सगळे पूर्व-आग्नेयेकडे, जवळपास समांतर होते. बाण मध्यातून बाहेर पसरले असते, तर प्रमाणाची चूक, म्हणजे कागद ताणलेला किंवा आक्रसलेला. बाण गोल फिरल्यासारखे असते, तर नकाशा किंचित वळवून बसवलेला. एकाच कोपऱ्यात मोठे असते, तर तिथली घडी किंवा दोन शीटांचा जोड. डोंगराच्या उतारावर बाणांची दिशा बदलत असेल, तर खालचं उपग्रह चित्र उंचीप्रमाणे दुरुस्त केलेलं नाही. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि समांतर सरकेचा उपाय दुसऱ्या कशालाही लागू पडत नाही.

सरक कुठून आली

कारण सापडल्याशिवाय लेयर हलवू नका. आम्ही रोव्हरने मोजलेल्या तीन वेगळ्या जागा, देवळाच्या जोत्याचा कोपरा, विहिरीचा कठडा आणि एका मोरीची भिंत, त्या उपग्रह चित्रावर टाकल्या. तिन्ही ठिकाणी चित्रातली वस्तू बिंदूच्या सुमारे तीन मीटर पूर्वेला दिसली. म्हणजे चित्रच सरकलेलं होतं, त्याच्यावर बसवलेला कागद सोबत गेला आणि कागदावरून गिरवलेली हद्दही. बैठकीतला तो ०.८ मीटरचा आकडा कागद आणि चित्र यांच्यातला होता. चित्र आणि जमीन यांच्यात काय आहे हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

लेयर ३.२० मीटर पश्चिमेला आणि १.३० मीटर उत्तरेला सरकवली. आता मोह होतो की त्याच २० बिंदूंवर पुन्हा हिशेब करावा. केला तर आरएमएसई १.८३ मीटर येते. हा आकडा अहवालात घालू नका. दुरुस्ती त्याच बिंदूंवरून काढली, त्यामुळे ते आता तपासबिंदू उरले नाहीत, नियंत्रणबिंदू झाले. पुन्हा जाऊन नवे २० कोपरे मोजणं भाग होतं. दोन दिवस गेले आणि वाहनाचा खर्च वाढला. त्या दोन दिवसांबद्दल मला आजही वाटतं, की ते वाचवले असते तर आधीचं सगळं काम फुकट गेलं असतं.

नव्या २० बिंदूंवर सरासरी x मध्ये +०.२ आणि y मध्ये −०.३ मीटर. आरएमएसई १.४२ आणि १.५१, मिळून २.०७ मीटर. गुणोत्तर ०.९४. आता सूत्र लावायला हरकत नाही: १.७३०८ गुणिले २.०७ म्हणजे ३.६ मीटर. जुन्या बिंदूंवरच्या १.८३पेक्षा हा आकडा मोठा आहे आणि तसाच यायला हवा.

यापुढे तो फारसा सुधारणार नाही. १:५००० प्रमाणावर २.०७ मीटर म्हणजे कागदावर ०.४ मिलिमीटर, हद्दीच्या शाईच्या रेघेएवढी जाडी. या कागदातून याहून बारीक माहिती निघत नाही. कुणी याच शीटवरून अर्ध्या मीटरची अचूकता सांगत असेल, तर तपासबिंदूंची यादी मागावी.

अहवालात काय लिहायचं

आम्ही लेयरच्या मेटाडेटामध्ये हा मजकूर जसाच्या तसा घातला:

> ही लेयर १:५००० प्रमाणाच्या गट नकाशावरून गिरवली असून `EPSG:32643` मध्ये आहे. स्वतंत्र तपासणीत आडवी अचूकता ९५ टक्के पातळीला ३.६ मीटर आढळली (एनएसएसडीए पद्धत). तपासबिंदू २०, सर्व हद्दीच्या दगडांवर, आरटीके रोव्हरने प्रत्येकी दोनदा मोजलेले. जोड्या कोपऱ्याला कोपरा लावून. आरएमएसई x १.४२ मी., y १.५१ मी., एकत्र २.०७ मी.; सरासरी फरक x +०.२ मी., y −०.३ मी. पहिल्या फेरीत २८ कोपरे निवडले, ७ दगड सापडले नाहीत, १ हलवलेला आढळल्याने बाद. उरलेल्या २०वरून लेयर ३.२० मी. पश्चिमेला व १.३० मी. उत्तरेला सरकवली. ते बिंदू वरील निकालात धरलेले नाहीत. हा निकाल स्पष्ट कोपऱ्यांपुरता आहे. नाल्यालगतच्या व वळणदार हद्दी तपासलेल्या नाहीत. ही कायदेशीर मोजणी नाही.

शेवटची दोन वाक्यं गाळू नयेत. तपासणी झाली ती ठसठशीत कोपऱ्यांची. नाल्याकाठची हद्द त्याहून वाईट असू शकते. आणि दगड आज जिथे आहे तिथेच हद्द आहे की नाही, हे ठरवणं भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीचं काम आहे, आपल्या लेयरचं नाही. ग्राहक एएसपीआरएस या अमेरिकन संस्थेच्या २०२३च्या मानकानुसार अहवाल मागत असेल, तर किमान ३० तपासबिंदू लागतात आणि ९५ टक्क्यांऐवजी आरएमएसईच मुख्य आकडा म्हणून द्यावी लागते. म्हणून मी दोन्ही लिहून ठेवतो.

एक प्रश्न हमखास येतो: क्षेत्रफळ किती चुकतं? सरकेने क्षेत्रफळ बदलत नाही, अख्खा गट जसाच्या तसा हलतो. फैलावाने बदलतं. चौरस आकाराचा एक एकराचा गट धरा, बाजू ६३.६ मीटर. चारही कोपरे एकमेकांशी संबंध न ठेवता प्रत्येक दिशेला साधारण १.४६ मीटरने चुकत असतील, तर क्षेत्रफळाचं प्रमाण विचलन `√2 × 63.6 × 1.46`, म्हणजे सुमारे १३१ चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडं जास्त. शेजारच्या कोपऱ्यांच्या चुका थोड्या सारख्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे काहीसं कमी भरेल. तरी पुण्याच्या आसपास गुंठ्याचा भाव काय आहे हे माहीत असलेल्या कुणालाही या लेयरवरून क्षेत्रफळ काढून देऊ नये. सातबाऱ्यावरचा आकडाच धरावा.

अभियंत्यांना आम्ही रेघेऐवजी पट्टा दिला. प्रत्येक हद्दीच्या दोन्ही बाजूंना ३.६ मीटरचा बफर, फिकट रंगात. पाइपलाइन जिथे पट्ट्याबाहेर होती तिथे आखणी तशीच राहिली. जिथे ती पट्ट्यात शिरत होती अशा अकरा जागांची यादी करून तेवढ्याच ठिकाणी मोजणी मागवली.